एका गोणीने भात किती वाढतो?
आकड्यांची भाषा : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण एकाच रेषेत दोन प्रकारची माहिती बसवली : नत्राच्या मात्रेसारखे सलग बदलणारे माप आणि भाताच्या जातीसारखा गट. त्या मांडणीत एक गोष्ट आपण न बोलता मान्य केली होती. जात बदलली की रेषा वर किंवा खाली सरकते, पण तिचा उतार तोच राहतो. म्हणजे दोन्ही जातींच्या रेषा समांतर. हे गृहीतक सोयीचे आहे आणि पुष्कळदा खरेही असते. पण ते तपासल्याशिवाय धरून चालले तर आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर चुकते. घोटी परिसरातील भातशेतीचा साधा प्रश्न घेऊन हे पाहता येईल : युरियाची एक गोणी जास्त टाकली तर भात किती वाढतो? या प्रश्नाला जात विचारल्याशिवाय एकच उत्तर देता येत नाही, हे या भागाचे म्हणणे आहे.

घोटी आणि इगतपुरीचा पट्टा पावसाचा आणि भाताचा. इथल्या खाचरांत आणि भातगिरण्यांत इंद्रायणीचे नाव रोजचे आहे. ही जात वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आली. तिचे एक पालक आंबेमोहोर १५७ आणि दुसरे आय आर ८. आंबेमोहोर उंच वाढणारा, सुवासिक भात. आय आर ८ ही फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसारित केलेली बुटकी जात. तिच्यावर एस. के. डे दत्ता यांनी घेतलेल्या चाचण्यांत खताशिवाय हेक्टरी सुमारे ५ टन आणि उत्तम व्यवस्थापनात जवळपास १० टन उत्पादन मिळाले. आय आर ८चीच एक पालक जात पेटा ही उंच होती. नत्र वाढवले की तिचे ताट लांबत जाई, लोंबी भरली की पीक लोळे आणि उत्पादन वाढण्याऐवजी घटे. खत तेच, पण एका जातीत रेषा चढते आणि दुसरीत उतरते. कारणही स्पष्ट आहे. बुटके, ताठ ताट जास्तीचे नत्र दाण्यापर्यंत नेते. उंच ताट ते वाढीत घालवते आणि आडवे पडते. एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलावर अवलंबून असणे, यालाच संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. सलग माप आणि गट यांच्यातील आंतरक्रिया म्हणजे गटागणिक वेगळा उतार.

आता हिशेब करू. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही चाचणीचे नाहीत. एक उंच आणि एक बुटकी अशा दोन जाती, आणि हेक्टरी ०, ४० व ८० किलो नत्र अशा तीन मात्रा. उंच जातीचे उत्पादन अनुक्रमे २०, २२ आणि २४ क्विंटल. बुटक्या जातीचे २२, २८ आणि ३४ क्विंटल. समांतर रेषांचे प्रारूप या आकड्यांना लावले तर उतार येतो ०.१०, म्हणजे दर किलो नत्रामागे दहा किलो भात, आणि दोन जातींतला फरक येतो ६ क्विंटल. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २० किलो नत्र असते. तेव्हा हे प्रारूप सांगते की गोणीमागे २ क्विंटल वाढ होते. आकड्यांकडे परत पाहा. उंच जातीत गोणीमागे १ क्विंटलच वाढतो, बुटकीत ३. दोन क्विंटल ही सरासरी आहे, पण त्या शेतांत दोन क्विंटल कोणालाच मिळत नाहीत. जातींतला ६ क्विंटलचा फरकही फक्त ४० किलो नत्रालाच खरा आहे. नत्र नसताना तो २ आहे आणि ८० किलोला १०. समांतर रेषांनी दोन्ही प्रश्नांना एकेकच उत्तर दिले, आणि जिथे जातींचे वागणे वेगळे आहे तोच भाग पुसला गेला.

उपाय म्हणून प्रारूपात एक पद वाढवायचे. जातीसाठी ० आणि १ असा संकेत घेऊ : उंच जात ०, बुटकी १. मग नत्र आणि हा संकेत यांचा गुणाकार हे नवे पद. आपल्या आकड्यांसाठी समीकरण असे येते : उत्पादन = २० + ०.०५ × नत्र + २ × जात + ०.१० × नत्र × जात. उंच जातीसाठी संकेत शून्य असल्याने शेवटची दोन पदे गळतात आणि २० + ०.०५ × नत्र उरते. बुटकीसाठी संकेत एक असल्याने २२ + ०.१५ × नत्र मिळते. आर या संगणकीय भाषेत हे एका ओळीत लिहितात, आणि तिथल्या तारांकनाचा अर्थ दोन्ही चले स्वतंत्रपणे घे आणि त्यांचा गुणाकारही घे, असा होतो :

```
lm(utpadan ~ natra * jat)
```

आता या चार आकड्यांचे वाचन. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ०.०५ हा नत्राचा एकंदर परिणाम नव्हे. तो फक्त संकेत शून्य असलेल्या जातीचा, म्हणजे उंच जातीचा उतार आहे. संकेत उलटा दिला असता तर त्याच जागी ०.१५ आले असते, आणि शेतात काहीही बदलले नसते. २ हा जातीचा एकंदर परिणाम नव्हे. नत्र शून्य असताना दोन जातींत असलेले ते अंतर आहे. ०.१० हा मात्र संकेत कसाही दिला तरी टिकणारा आकडा, दोन उतारांतील फरक. संकेत उलटला तर त्याचे चिन्ह बदलते, एवढेच. शून्य नत्राचे अंतर उपयोगाचे वाटत नसेल तर नत्राऐवजी ‘नत्र वजा ४०’ हे माप वापरावे. मग जातीचा गुणक २ ऐवजी ६ येतो, कारण आता तो ४० किलोवरील अंतर सांगतो. प्रारूप तेच, रेषा त्याच. मोजणीचा आरंभबिंदू तेवढा हलला. म्हणूनच जातीचा गुणक छोटा आहे, तो काढून टाकू, असे आंतरक्रिया असलेल्या प्रारूपात करू नये. तो छोटा आहे की मोठा, हे आरंभबिंदू कुठे धरला त्यावर ठरते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. एवढी यातायात कशाला, प्रत्येक जातीची रेषा वेगळी काढली तरी तेच दोन उतार मिळतात. खरे आहे, अगदी तेच मिळतात. पण वेगळ्या रेषा काढणारा बहुधा पुढे एक चुकीचे पाऊल टाकतो. समजा दोन्ही उतारांची प्रमाण त्रुटी ०.०४ आहे. बुटक्या जातीचा उतार ०.१५, त्रुटीच्या जवळजवळ चौपट, म्हणून लक्षणीय. उंच जातीचा ०.०५, त्रुटीच्या सव्वापट, म्हणून लक्षणीय नाही. यावरून निष्कर्ष लिहिला जातो : खताचा उपयोग बुटक्या जातीला होतो, उंच जातीला होत नाही, दोन जाती वेगळ्या वागतात. पण प्रश्न उतारांतील फरकाचा आहे, आणि फरकाची त्रुटी वेगळी काढावी लागते. ती दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असते, म्हणजे इथे ०.०५७. फरक ०.१० आहे, म्हणून ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा साधारण −०.०१ ते ०.२१ येते. तिच्यात शून्य आहे. उतार वेगळे असावेत असे वाटते, पण या माहितीवर तसे ठामपणे म्हणता येत नाही. एक लक्षणीय आणि दुसरा अलक्षणीय, यातून दोघांतला फरक लक्षणीय ठरत नाही. गुणाकाराचे पद नेमका तो फरक आणि त्याची त्रुटी समोर ठेवते. ही त्रुटी नेहमीच मोठी असते. दोन सारखे गट असतील तर उतारांतील फरकाची त्रुटी एकत्रित उताराच्या त्रुटीच्या दुप्पट येते. तितक्याच अचूकतेने फरक मोजायचा तर वाफे चौपट लागतात. लहान चाचणीत आंतरक्रिया दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असेही म्हणून म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : मग प्रत्येक वेळी उतार वेगळे असतातच असे का न मानावे? कारण ते नसतातही. १९२३ मध्ये आर. ए. फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील प्रयोगात बटाट्याच्या १२ जाती खतांना वेगवेगळा प्रतिसाद देतात का, हे तपासले. तिथे खत हेही गटांत मोडलेले होते, पण प्रश्न आपलाच होता. त्यांना जातीगणिक प्रतिसाद वेगळा असल्याचा पुरावा मिळाला नाही. प्रसरण विश्लेषणाच्या पद्धतीचा हा एक आरंभीचा वापर, आणि त्याचे उत्तर नकारार्थी होते. आंतरक्रिया ही तपासायची गोष्ट आहे. आधीच ठरवून घेण्याची नाही, आणि आधीच नाकारण्याचीही नाही.

तिसरी अडचण आक्षेपापेक्षा खोल आहे, कारण ती नकली आंतरक्रिया निर्माण करते. संशोधन केंद्रावर दोन्ही जातींना त्याच मात्रा दिल्या जातात. शेतकऱ्यांच्या खाचरांतून माहिती गोळा केली तर तसे नसते. उंच जात लोळते हे ठाऊक असल्याने तिला नत्र कमी दिले जाते, बुटकीला भरपूर. आता समजा दोन्ही जातींचा प्रतिसाद हुबेहूब सारखाच आहे, पण तो वक्र आहे : उत्पादन = २० + ०.२० × नत्र − ०.००१ × नत्राचा वर्ग. शून्यापासून ४० किलोपर्यंत उत्पादन २० वरून २६.४ होते, म्हणजे सरासरी उतार ०.१६. ६० पासून १०० किलोपर्यंत ते २८.४ वरून ३० होते, उतार ०.०४. पहिला टप्पा उंच जातीचा आणि दुसरा बुटकीचा असेल, तर सरळ रेषांचे प्रारूप सांगेल की उंच जात खताला चौपट प्रतिसाद देते. जातींत काडीचाही फरक नसताना. हे ओळखायचे कसे? गुणाकाराचे पद टाकण्याआधी दोन्ही गटांचे बिंदू एकाच आलेखावर मांडावेत आणि त्यांच्या मात्रा एकमेकींवर येतात का ते पाहावे. येत असतील तर तेवढ्याच पट्ट्यात तुलना करावी, आणि नत्राचा वर्ग प्रारूपात घेतल्यावर उतारांतील फरक टिकतो का ते बघावे. मात्रा एकमेकींवर येतच नसतील तर वक्र रेषा आणि आंतरक्रिया यांतले काय खरे, हे त्या माहितीतून कोणतेही गणित सांगू शकत नाही. त्यासाठी उंच जातीच्या काही वाफ्यांत जास्त आणि बुटकीच्या काही वाफ्यांत कमी नत्र मुद्दाम द्यावे लागते.

म्हणून उतार गटागणिक वेगळा आहे असे सांगणाऱ्या अहवालात तीन गोष्टी हव्यात : प्रत्येक गटाचा उतार त्याच्या विश्वासमर्यादेसह, दोन उतारांतील फरक त्याच्या मर्यादेसह, आणि प्रत्येक गटात सलग माप कुठपासून कुठपर्यंत पसरले होते ते. फक्त गुणाकाराच्या पदाचा पी-आकडा दिला तर खाचरात उभ्या शेतकऱ्याला काहीच कळत नाही. इंद्रायणीला इतके, आंबेमोहोराला इतके, आणि हे अमुक ते अमुक किलोपर्यंतच खरे, असे सांगितले तर पुढची गोणी घ्यायची की नाही हे त्याला ठरवता येते. पुढच्या भागात तीन किंवा अधिक जाती असतील तर हेच समीकरण कसे वाढते आणि कोणती जात संदर्भ म्हणून निवडावी, ते पाहू.