रेझ्युमेतल्या चार ओळींचा हिशेब

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींचे रेझ्युमे चाळले, की इंटर्नशिपखाली बहुतेक वेळा याच ओळी भेटतात : ‘क्वालिटी विभागात काम केले. रोजचे इन्स्पेक्शन रिपोर्ट तयार केले. सीएनसी मशीनची माहिती घेतली. टीमला सहकार्य केले.’ यात खोटं काही नाही. पण ही सगळी नेमून दिलेली कामं झाली. मन लावून काम करणारी मुलगी असो नाहीतर कँटीनमध्ये दिवस काढणारा मुलगा, दोघांच्या रेझ्युमेत ओळी त्याच येणार. मग निवडणाऱ्याने दोघांत फरक करायचा कसा?

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो : ‘आकडे टाका.’ मुलं टाकतातही. ‘उत्पादकता ३० टक्क्यांनी वाढवली.’ कशाची उत्पादकता, कधीपासून कधीपर्यंत, मोजली कुणी? मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उत्तर अडलं, तर रेझ्युमेतल्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो. आकडा नसलेल्या ओळीपेक्षा असा आकडा जास्त महागात पडतो.

आकडा मिळवायचा कुठून, हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. एका विद्यार्थिनीने भोसरीतल्या छोट्या मशीन शॉपमध्ये सहा आठवडे इंटर्नशिप केली, असं समजा. शॉपमध्ये सीएनसी लेथवर शाफ्ट बनतात. एका शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आणि त्यात एकूण ०.०४ मिलिमीटरची सूट आहे. तिचं काम म्हणजे दर दहावा नग मायक्रोमीटरने मोजून आकडा रजिस्टरमध्ये लिहिणं. रेझ्युमेत तिने लिहिलं, ‘क्वालिटी इन्स्पेक्शनची जबाबदारी सांभाळली.’

आता तिला खोदून विचारायला हवं. मोजून झाल्यावर त्या आकड्यांचं काय केलंस? तेव्हा कळतं, की तिने ते ओळीने एक्सेलमध्ये भरले होते आणि त्यांचा आलेख काढला होता. त्यात नगामागून नग व्यास वाढत गेलेला दिसत होता. इन्सर्ट झिजत जातं तसं ते धातू कमी काढतं, म्हणून शाफ्ट जाड होत जातो. ऑपरेटर मात्र नग मर्यादेबाहेर गेल्यावरच ऑफसेट बदलत होता. दर ५० नगांनंतर ऑफसेट तपासावा, असं तिने सुपरवायझरला सुचवलं. त्यांनी ते मान्य केलं आणि तशी सूचना मशीनवर लावली.

म्हणजे सांगण्यासारखं बरंच होतं, लिहिलेल्या ओळीत त्यातलं काहीच उतरलं नव्हतं. आता मोजमाप. बदलाच्या आधीच्या दोन आठवड्यांत ४,८०० नग निघाले आणि त्यातले १९२ जाड म्हणून पुन्हा मशीनवर घ्यावे लागले. हे प्रमाण ४ टक्के. नंतरच्या दोन आठवड्यांत ५,००० पैकी ७५, म्हणजे १.५ टक्के. हे चारही आकडे शॉपच्या रजिस्टरमध्ये आहेत, तिने स्वतः काही बनवलेलं नाही.

इथे एक खाच आहे. ४ वरून १.५ ही घट अडीच टक्के-बिंदूंची आहे आणि मूळ प्रमाणाशी तुलना केली तर ती ६२.५ टक्के भरते. ‘रिवर्क ६२.५ टक्क्यांनी घटवलं’ हे गणिताने बरोबर आहे, वजनदारही वाटतं. पण आधी किती होतं ते न सांगता लिहिलं, तर वाचणाऱ्याला वेगळाच अंदाज बांधायला लावतं. मला विचाराल, तर ‘४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर’ असंच लिहावं. त्यात सुरुवात दिसते, शेवट दिसतो आणि शंका घ्यायला जागा उरत नाही.

दुसरी खाच शब्दाची. हे नग रिजेक्ट झाले नव्हते. जाड शाफ्ट पुन्हा टर्न करून वापरता येतो, बारीक झालेला मात्र भंगारात जातो. रिवर्कच्या जागी ‘रिजेक्शन’ लिहिलं, तर शॉप फ्लोअरवर मुरलेला माणूस एका प्रश्नात पकडेल.

तिसरी गोष्ट श्रेयाची. ऑफसेट ऑपरेटरने टाकला, मान्यता सुपरवायझरने दिली. तिचा वाटा नोंदींचा आणि सूचनेचा. त्याच दोन आठवड्यांत इन्सर्टचा ग्रेड बदलला असेल किंवा वेगळ्या लॉटचा माल लागला असेल, तर सुधारणा त्यामुळेही झालेली असू शकते. हे तिने शॉपमध्ये विचारून घ्यायला हवं, कारण मुलाखतीत ते विचारलं जाणारच. सगळं तपासून झाल्यावर ओळ अशी होते (रेझ्युमेत ती इंग्रजीत जाईल) :

‘२५ मिमी शाफ्टच्या व्यासाच्या नोंदींवरून इन्सर्टच्या झिजेचा कल शोधला, दर ५० नगांनी ऑफसेट तपासण्याची सूचना सुपरवायझरने लागू केल्यावर रिवर्क ४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले (आधी-नंतर दोन-दोन आठवडे, सुमारे ५,००० नग प्रत्येकी).’

ओळ लांब आहे, मान्य. कंस काढून तो तपशील मुलाखतीसाठी राखून ठेवला तरी चालेल. पण ‘वर्षाला इतक्या लाखांची बचत’ असा हिशेब दोन आठवड्यांच्या नोंदींवरून फुगवू नये. ग्राहक कंपनीचं नाव आणि पार्ट नंबरही लिहू नये. ती माहिती शॉपची आहे.

बाकीच्या ओळी पटकन उरकतात. ‘इन्स्पेक्शन रिपोर्ट तयार केले’ या ओळीमागे हाताने लिहायच्या रिपोर्टऐवजी बनवलेली एक्सेल शीट निघाली. आधी ४० मिनिटं लागायची, नंतर १५. बस, तेवढंच लिहायचं. ‘सीएनसीची माहिती घेतली’ यातून दाखवण्यासारखं काही निघालं नाही, म्हणून ते कौशल्यांच्या यादीत गेलं. ‘टीमला सहकार्य केले’ ही ओळ खोडली. चारांच्या दोन ओळी झाल्या म्हणून काही बिघडत नाही.

प्रत्येकाकडे असा आधी-नंतरचा आकडा असतोच असं नाही. सुधारणा मोजली नसेल, तर कामाचा आवाका लिहावा : किती नग, कोणतं उपकरण, किती सूक्ष्म माप. ‘रोज सुमारे २० नग मायक्रोमीटरने मोजले, एकूण सूट ०.०४ मिमी’ हा पराक्रम नव्हे. पण मोजमापाची सवय आहे, एवढं त्यातून कळतं.

इंटर्नशिप नसेल, तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टलाही हेच लागू. कॅमेऱ्याने सदोष पार्ट ओळखणाऱ्या प्रोजेक्टची ‘९५ टक्के अचूकता’ ऐकायला छान वाटते. पण १०० पार्टमध्ये पाचच सदोष असतील, तर सगळे चांगले म्हणून सोडून देणारा प्रोग्रामही ९५ टक्के बरोबर ठरतो. म्हणून सदोष पार्टपैकी किती पकडले, ते लिहा. चौघांच्या गटात तुम्ही काय केलं, तेही त्याच ओळीत येऊ द्या.

तुमची इंटर्नशिप अजून चालू असेल, तर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. रजिस्टरमधले आधीचे आणि नंतरचे आकडे आजच वहीत उतरवा आणि त्यातलं बाहेर काय सांगितलेलं चालेल, ते सुपरवायझरला विचारून घ्या. गेट पास जमा केल्यावर ते रजिस्टर पुन्हा हाती लागणं कठीण असतं.