सोळा ब्रासच्या भरावाला वीस ब्रास मुरूम का लागतो

घराचं जोतं बांधून झालं, प्लिंथ बीमचं काँक्रीट पिकलं की पहिला प्रश्न येतो भरावाचा. मुरूम किती सांगायचा? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर अंदाजाने दिलं जातं. मिस्त्री घराची लांबी-रुंदी पाहतो, जोत्याची उंची पाहतो आणि "पंचवीस ब्रास सांगा, मालक" म्हणतो. कधी मुरूम अंगणात उरतो, कधी कमी पडतो. उरला किंवा कमी पडला तर थोड्या पैशांचंच नुकसान होतं. खरी अडचण वेगळी आहे. मुरूम कमी लागला तर मालकाला बचत झाल्यासारखं वाटतं, पण अनेकदा ती बचत नसते. दबाई झालेली नसते आणि ती तूट दोन पावसाळ्यांनी फरशीखाली दिसते.

एक घर घेऊन हिशोब करू. बाहेरून 35 फूट बाय 25 फूट, नऊ इंची भिंती, मधोमध एक आडवी आणि एक उभी भिंत, म्हणजे चार खोल्या. जमिनीपासून तयार फरशीपर्यंत जोत्याची उंची तीन फूट. बाहेरच्या मापाने 875 चौरस फुटांना तीनने गुणलं की 2,625 घनफूट येतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सव्वीस ब्रासच्या थोडं वर. मिस्त्रीचे पंचवीस इथूनच येतात.

पण भिंतींच्या जागी मुरूम जात नाही. भराव आतल्या मापाने मोजायचा. लांबीच्या बाजूने तीन भिंतींचे सव्वादोन फूट वजा केले की 32.75 फूट उरतात, रुंदीच्या बाजूने 22.75 फूट. गुणाकार 745 चौरस फूट. बाहेरच्या मापापेक्षा हा आकडा 130 चौरस फुटांनी कमी आहे.

आता खोली. काळ्या मातीच्या पट्ट्यात घर असेल तर भरावाआधी आतली वरची सहा इंच माती, गवत आणि मुळांसकट, काढून टाकायची. ती ठेवून वर मुरूम टाकला तर मुळं कुजून पोकळी होते आणि काळी माती ओलीने फुगते, सुकल्यावर आकसते. त्यामुळे तीन फुटांत हे सहा इंच मिळवून 42 इंच झाले. त्यातून वरचे थर वजा करायचे. दगडी सोलिंग नऊ इंच, त्यावर साधं काँक्रीट चार इंच, फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून तीन इंच, असे एकूण सोळा इंच. उरले 26 इंच, म्हणजे 2.17 फूट. 745 गुणिले 2.17, साधारण 1,614 घनफूट. सव्वीस ब्रासचे सोळा झाले.

हे सोळा ब्रास मात्र दबलेल्या मुरमाचे आहेत आणि डंपरमधून येतो तो मोकळा मुरूम. खाणीतून खणताना त्याचे खडे-माती सुटे होतात आणि मध्ये हवा शिरते. पाणी मारून धुम्मस केलं की ती हवा निघते आणि खडे एकमेकांत बसतात. चांगल्या मुरमाचा एक मोकळा ब्रास नीट दाबल्यावर साधारण पाऊण ते 0.85 ब्रासवर येतो. बारीक खडे आणि थोडी माती असलेल्या मुरमासाठी 0.8 धरायला हरकत नाही.

इथे एक चूक अगदी नेहमी होते. दबाईत वीस टक्के जातात, तर सोळात वीस टक्के मिळवा, असं म्हणून 19.4 ब्रासचा आकडा काढला जातो. पण वीस टक्के घट आहे ती आणलेल्या मोकळ्या मुरमावर, जोत्यातल्या दबलेल्या भरावावर नाही. म्हणून मिळवायचं नसतं, भागायचं असतं. 16.14 भागिले 0.8 म्हणजे 20.2 ब्रास. वाढ प्रत्यक्षात पंचवीस टक्क्यांची झाली. इथे फरक पाऊण ब्रासचा पडतो. मोठ्या जोत्यात किंवा जास्त दबणाऱ्या मातीत तो बराच वाढतो.

0.8 हा आकडा डोळे झाकून घेण्यापेक्षा आपल्या मुरमाचा आकडा जागेवर काढता येतो. सरळ उभ्या बाजूंचा, वरून पूर्ण कापलेला तेलाचा पत्र्याचा डबा घ्या आणि जमिनीत खड्डा करून काठापर्यंत पुरा. पुरला नाही तर धुम्मसाच्या माराने पत्रा फुगतो आणि माप खोटं येतं. त्यात ओलसर मुरूम न दाबता बारा इंच भरा आणि बाहेर काढून ठेवा. तोच मुरूम तीन हप्त्यांत परत टाका आणि प्रत्येक हप्ता जड पहारीच्या बुंध्याने किंवा लाकडी ठोकळ्याने भरपूर ठोका, इतका की आणखी ठोकून खाली जात नाही. आता उंची मोजा. साडेनऊ इंच आली तर साडेनऊ भागिले बारा, म्हणजे 0.79. हे माप थोडं जास्तीच्या बाजूने येतं, कारण गाडीतला मुरूम रस्त्याच्या हिसक्यांनी आधीच थोडा बसलेला असतो.

ओल किती असावी, हे हातावर कळतं. मुठीत दाबल्यावर मुरमाचा गोळा व्हायला हवा आणि तळहात ओला होता कामा नये. कमरेएवढ्या उंचीवरून गोळा सोडला तर त्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन चिकटला तर जास्त. या ओलीचं शास्त्र कॅलिफोर्नियातले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये मांडलं. प्रत्येक मातीची एक ठरावीक ओल असते, जिच्यावर त्याच मेहनतीत ती सगळ्यात घट्ट बसते. कोरड्या मातीत कण एकमेकांवर सरकत नाहीत. फार ओल्या मातीत पाणीच जागा अडवतं, धुम्मस मारलं की जमीन खाली दबते आणि पुन्हा वर येते. असं दिसलं तर पाणी थांबवून तो थर एक दिवस सुकू द्यावा.

आता थर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांत जोत्याचा भराव जास्तीत जास्त वीस सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ इंचांच्या थरांत टाकायला सांगितलंय. हाताच्या धुम्मसाचा जोर त्याहून खाली पोचत नाही, म्हणून ही मर्यादा. आठ इंच मोकळा थर दाबला की सुमारे साडेसहा इंचांचा होतो. आपला भराव 26 इंचांचा, म्हणजे बरोबर चार थर. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून आतल्या भिंतींवर साडेसहा इंचांवर एक, अशा चार रेघा मारा. एका थराला पाच ब्रास.

या रेघा मला फार मोलाच्या वाटतात, कारण त्यांच्यामुळे ब्रासचा हिशोब आपोआप दबाईची परीक्षा होतो. पाच ब्रास टाकले, धुम्मस केलं आणि मुरूम रेघेवर थांबला तर दबाई बरोबर झाली. रेघेच्या वर दोन इंच राहिला तर दबाई अपुरी आहे, पुढचा थर टाकू देऊ नका. रेघेच्या खाली गेला तर एक तर मुरूम जास्त दबणारा आहे, नाहीतर गाडीत पूर्ण ब्रास नव्हता.

गाडीचं माप म्हणूनच पहिल्याच खेपेला घ्यायचं. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि फळीपर्यंतची उंची फुटांत मोजा, गुणा आणि शंभराने भागा. 10 बाय साडेपाच बाय 2 ची ट्रॉली सपाट भरली तर 1.1 ब्रास. वरची शीग धरायची की नाही, हे आधीच ठरवा, नाहीतर नंतर वाद होतो. मुरूम गौण खनिजात येतो आणि त्यावरचं स्वामित्वधन ब्रासवर घेतलं जातं, तेव्हा प्रत्येक खेपेची पावती जपून ठेवली की मोजणीलाही ती उपयोगी पडते.

आता समजा, त्याच घराचा भराव 18 ब्रासमध्येच रेघेला लागला. मालक खूश होतो, मजूरही लवकर मोकळे होतात. पण 18 ब्रास पूर्ण दबले असते तर 14.4 ब्रासच झाले असते. जागा 16.14 ब्रासची. म्हणजे 174 घनफूट पोकळी हवेच्या रूपात आत आहे. ती 745 चौरस फुटांवर पसरली तर सुमारे पावणेतीन इंच होते. सगळे इंच एकाच वेळी खाली येत नाहीत. पावसाचं पाणी मुरलं, मोरीचा पाइप गळला की भराव थोडा थोडा बसतो, आणि सगळीकडे सारखा बसत नाही.

भिंती मात्र हलत नाहीत. त्यांचं वजन बीम आणि कॉलममार्गे पायात जातं, फरशीचं वजन भरावावर असतं. म्हणून खचल्याची पहिली खूण भिंतीत नव्हे, स्कर्टिंगखाली दिसते. तिथे फट पडते, कागद आत सरकू लागतो. मग फरशीवर नाण्याने टकटक केल्यावर काही ठिकाणी पोकळ आवाज येतो, कारण काँक्रीट सध्या अधांतरी टेकलेलं असतं. बीमशिवाय नुसत्या फरशीवर उभी केलेली अर्ध्या विटेची भिंत असेल तर तिला तिरकी चीर जाते.

हे सगळ्यात जास्त घडतं कॉलमच्या आसपास. पायाचे खड्डे खणताना आजूबाजूला खणलेली जागा परत भरायची असते, आणि तिथे उरलेली माती तशीच लोटली जाते. चार फूट खोल जागा न दाबता भरली तर ती नऊ-दहा इंचांपर्यंत बसू शकते. जोत्याच्या 20 ब्रासमध्ये ही जागा धरलेली नाही. खड्ड्याच्या मापातून फूटिंग आणि कॉलमचं काँक्रीट वजा करून तिचा हिशोब वेगळा काढायचा, तिलाही 0.8 ने भागायचं आणि आठ इंचांच्याच थरांत भरायचं. कोपऱ्यांत आणि कॉलमला लागून यंत्र पोचत नाही, तिथे पहारीच्या बुंध्याने हातानेच ठोकावं लागतं. जड रोलर ताज्या बांधकामाला लागून फिरवायचा नाही, त्याच्या रेट्याने जोत्याची भिंत बाहेर ढकलली जाते.

शेवटचा थर रेघेला लागला की त्याच नियमांप्रमाणे भरावावर पाणी सोडून किमान चोवीस तास ठेवायचं, सुकू द्यायचं आणि पुन्हा धुम्मस करायचं. या वेळी कुठे खळगा दिसला तर तिथे खालचा थर कच्चा राहिलाय हे कळतं. तिथे नुसता वरून मुरूम टाकून सपाट करायचं नाही, खोदून ती जागा परत भरायची. त्यानंतरच सोलिंगचे दगड आत आणायला सांगायचे.