पोहे, ‘मग’ आणि ‘तोवर’

गेल्या वर्षी पुण्याहून माझा भाचा भोपाळला नोकरीला आला. खोली एकट्याची, गॅस एकच, भांडी चार. महिनाभर नाक्यावरचे पोहे-जिलबी खाऊन झाल्यावर एका रविवारी त्याने फोन केला, “मावशी, ते पोहे घरी कसे करायचे, एवढं लिहून पाठव. पण थोडक्यात.”

पोहे काय, डोळे मिटून करते मी. पाच ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. तासाभराने त्याने फोटो पाठवला. ताटात पिवळा गोळा होता, त्यात चमचा उभा राहत होता. माझी पहिली ओळ होती, “दोन वाट्या पोहे भिजवून घे.” त्याने तांदूळ भिजवतात तसे पातेलंभर पाण्यात घालून पाऊण तास ठेवले. चूक माझी होती. घरातली माणसं ‘भिजवून घे’ ऐकतात आणि धुऊन निथळतात, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं. नवख्याने फक्त शब्द ऐकलेला असतो.

तेव्हापासून ती पाककृती मी तीनदा पुन्हा लिहिली. आता ती कशी आहे ते सांगते. त्याआधी हे पोहे आपल्या कांदेपोह्यांपेक्षा वेगळे कुठे, ते पाहू.

भोपाळमध्ये सकाळी कुठल्याही चौकात पोह्याची गाडी दिसते. गाडीवर उकळत्या पाण्याचं मोठं भांडं, त्यावर बसवलेली कढई किंवा परात, आणि तिच्यात पिवळ्या पोह्यांचा डोंगर. पोहे आचेवर परतत नाहीत, वाफेच्या उबेवर बसून राहतात. म्हणून दहा वाजता गेलात तरी मऊ मिळतात. त्यांत बडीशेप असते आणि धणे असतात, अख्खे किंवा भरड. वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू, कोथिंबीर, कधी डाळिंबाचे दाणे, आणि जिरावण. जिरावण म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, मिरची, आमचूर, हिंग आणि काळं मीठ यांची आंबट-खारट पूड. ही माळव्याची सवय आहे आणि इंदूरने ती जास्त मिरवली. शेजारच्या कढईत जिलबी तळत असते आणि लोक एक घास पोह्यांचा, एक जिलबीचा असं खातात.

माझ्या सासरी मात्र वेगळेच पोहे होत. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपूरहून, कचेऱ्यांतली कित्येक माणसं इकडे बदलून आली. सासरे त्यांतलेच. टी.टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात त्यांच्या घरी पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतली जाई. शेजारी ग्वाल्हेरचे, पलीकडे इंदूरचे. पुढच्या पिढीपर्यंत तर्री सणावारापुरती उरली आणि बडीशेप रोजच्या फोडणीत शिरली. मी स्वतः पुण्याची, शेंगदाण्याशिवाय पोहे खाल्ले नव्हते. आता शेंगदाणे दाताखाली आले की मध्येच थांबल्यासारखं वाटतं.

तर पाककृती. भाच्यासाठी लिहिली म्हणून ‘घे’, ‘घाल’ अशी आहे, तुम्ही ‘घ्या’, ‘घाला’ वाचा. जुन्या पाकपुस्तकांत ‘घ्यावे’, ‘घालावे’ असतं. ते भारदस्त वाटतं, पण एका हातात झारा धरून वाचताना ‘घाल’ बरं पडतं.

भोपाळी पोहे, दोघांसाठी

आधी जाड पोहे दोन वाट्या चाळणीत घे आणि नळाखाली अर्धा मिनिट धू, हाताने हलकेच हलव. मग चाळणी ताटलीवर ठेवून दहा मिनिटं निथळू दे. तोवर पातेल्यात दोन वाट्या पाणी उकळत ठेव, दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धा कांदा चीर. त्यानंतर पोह्यांवर पाव चमचा हळद, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर भुरभुरव आणि बोटांनी वरखाली कर. आता उकळतं पाणी झाकून बाजूला ठेव आणि कढईत दीड मोठा चमचा तेल तापव. अर्धा चमचा मोहरी घाल, तडतडू दे. मग गॅस अगदी बारीक कर. मगच एक चमचा बडीशेप आणि एक चमचा भरड धणे घाल, लगेच मिरची घाल, दहापर्यंत मोज आणि गॅस बंद कर. पोहे घालून ढवळ. आता पातेलं परत गॅसवर ठेव. त्याच्या तोंडावर बसेल असं भांडं घे, त्यात पोहे काढ, झाक आणि आठ मिनिटं वाफेवर ठेव. खाली उतरव, अर्धं लिंबू पीळ. शेवटी, ताटलीत वाढल्यावर, कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव आणि चिमूटभर जिरावण घाल.

एवढंच. पण यातल्या प्रत्येक ‘मग’मागे एकदा फसलेले पोहे आहेत.

पहिलं, ‘धू’. पोहा हा मुळात अर्धा शिजलेला तांदूळ. भात, म्हणजे सालीसकट तांदूळ, भिजवून, भाजून, मग कुटून किंवा यंत्रात दाबून चपटा करतात. त्याला शिजायचं नसतं, फक्त पाणी पिऊन फुगायचं असतं, आणि पाणी तो पटकन पितो. धुताना अंगाला लागतं तेवढं पाणी जाड पोह्यांना बहुतेकदा पुरतं. बाकीचं काम निथळतानाची दहा मिनिटं करतात, कारण तोवर वरचं पाणी आत मुरतं. झालं की नाही ते कसं कळावं? एक पोहा चिमटीत दाबायचा. सहज चिरडला आणि आत टणक कणी लागली नाही, तर झाला. कणी लागली तर चमचाभर पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबायचं. बोटांना लगदा चिकटला तर मात्र पाणी परत काढता येत नाही. फार तर स्वच्छ पंच्यावर पसरून ठेवा, थोडे सावरतात.

दुसऱ्या रविवारी त्याने नीट धुतले, तरी गिचका झाला. या वेळी दोष दुकानात होता. दिवाळी तोंडावर आलेली, किराणेवाल्याकडे जो तो चिवड्याचं सामान नेत होता. याने नुसतं “पोहा” म्हटलं आणि दुकानदाराने चिवड्याचे पातळ पोहे बांधून दिले. ते नळाखाली धरले की संपलेच. म्हणून आता पाककृतीच्या वर मी एक ओळ घातली आहे, “दुकानात ‘मोटा पोहा’ माग.” कागदासारखा पोहा आला तर परत करायचा किंवा चिवडा करायचा. मधल्या जाडीचा मिळाला तर धुणं निम्म्या वेळाचं आणि निथळणं पाच मिनिटांचं.

तिसऱ्या वेळी पोहे सुटे झाले, पण कडू. मी लिहिलं होतं, “मोहरी, बडीशेप, धणे, मिरची घाल.” त्याने ते चारही एका ताटलीत काढून ठेवले आणि एकदम तेलात टाकले. मोहरी तडतडायला कडक तेल लागतं, आणि तेवढ्या तेलात बडीशेप काही सेकंदांत काळी पडते. मोहरी तडतडेपर्यंत बाकीचं जळून गेलं होतं. माझ्या वाक्यात स्वल्पविराम होता तिथे ‘मग’ हवा होता. आणि ‘मगच’ अशासाठी, की गॅस बारीक झाल्याशिवाय बडीशेप तेलात पडू नये. बडीशेपेचा गोड वास आला आणि तिचा रंग जेमतेम बदलला की थांबायचं. करपल्याचा वास आला तर तेल टाकून द्या, पोह्यांत मिसळून काही लपत नाही. मोहरीसाठी तेल तापलं का, हे पाहायला एक दाणा टाका. तो तळाशी गप्प बसला तर थांबा.

हळद-मीठ फोडणीत न घालता ओल्या पोह्यांवर का? पोहे ओले असताना मीठ-साखर त्या ओलीत विरघळते आणि सगळीकडे पोचते. एकदा तेल माखलं की मीठ दाण्यादाण्याने एकाच जागी राहतं, एक घास खारट आणि दुसरा अळणी. मीठ पाऊण चमचाच, कारण जिरावण आणि शेव दोन्ही खारट. पहिल्यांदा करणाऱ्याला चव बघताना हे विसरायला होतं, आणि वाढल्यावर सगळं खारट लागतं.

वाफेचं म्हणाल तर पुण्यात मी कढईतच झाकण ठेवून दणदणीत वाफ आणत असे. त्याने काही बिघडत नाही, पण तळाचे पोहे कोरडे होतात, कधी चिकटतात, आणि दहा मिनिटांत वरचेही वाळतात. पाण्यावर ठेवलेलं भांडं उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतच नाही, त्यामुळे तळ लागत नाही आणि पोह्यांतली ओल आतच राहते. दोन गोष्टी सांभाळायच्या. भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये, आणि झाकणाचं पाणी पोह्यांत ठिबकू नये. झाकणाला आतून फडकं बांधलं की दुसरा प्रश्न मिटतो. इडलीपात्राच्या सच्छिद्र ताटलीत ठेवले तरी चालतात, फक्त वेळ निम्मा करा, कारण तिथे वाफ थेट भिडते.

पाककृतीतला मला सर्वांत आवडलेला शब्द ‘तोवर’ आहे. भाचा पोहे निथळेपर्यंत फोन बघत बसायचा, मग पाणी ठेवायचा, मग मिरची चिरायचा, आणि पाऊण तासाने नाश्ता. पाणी तोवर उकळलं, चिरणं तोवर झालं, तर सगळं पंचवीस मिनिटांत होतं. गॅस एक असल्यामुळे मात्र पातेलं उतरवून कढई आणि कढई उतरवून पातेलं अशी अदलाबदल करावी लागते. झाकून ठेवलेलं पाणी दोन मिनिटांत पुन्हा उकळतं.

आणि ‘शेवटी’ म्हणजे अगदी शेवटी. शेव वाफेला लागली की मऊ पडते. दोघांपैकी एक उशिरा खाणार असेल तर त्याचे पोहे पाण्यावरच झाकून ठेवायचे, शेव वेगळी. भाचा रतलामी शेव घालतो, लवंगेची, चांगली झणझणीत. ती असेल तर एक मिरची कमी करा. लिंबू गॅसवर असताना पिळू नका, कडवट होतं.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले तेव्हा कागद फ्रिजला चिकटवलेला होता, तेलाने डागाळलेला. खाली त्याने पेन्सिलीने दोन ओळी वाढवल्या होत्या. “उरले तर दुसऱ्या दिवशी एक चमचा पाणी शिंपडून पाच मिनिटं पुन्हा वाफेवर.” आणि, “जिलबी: नाक्यावरून, आठच्या आत.”