घरफाळा सासऱ्याच्या नावावर

नवऱ्यापासून वेगळी पडलेली बाई कागलच्या कोर्टात वकिलाकडे येते, तेव्हा तिच्याआधी सोबतचा भाऊ बोलतो. "वकीलसाहेब, घरफाळा सासऱ्याच्या नावावर हाय. हिचं नाव कुठंच न्हाई. मग केस घालून काय उपयोग?" बाई गप्प असते. सिटी सर्व्हेचा उतारा काढला की त्यावरही सासराच निघतो.

बरीच वर्षं या भावाचं म्हणणं वकिलांनाही खोडता येत नव्हतं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये अमलात आला आणि डिसेंबरातच सर्वोच्च न्यायालयाने तरुणा बत्रा प्रकरणात सांगून टाकलं की, घर नवऱ्याचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा एकत्र कुटुंबाचं असलं तरच सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. मग काय, सासरकडच्या वकिलाचं काम सोपं झालं. उतारा दाखवायचा आणि खाली बसायचं.

हे बदललं ते दिल्लीच्या आहुजा कुटुंबाच्या खटल्याने. 1983 मध्ये सासऱ्यांनी घर घेतलं. 1995 मध्ये मुलाचं लग्न झालं. पुढे नवरा-बायकोचं बिनसलं, तेव्हा सून वरच्या मजल्यावरच राहिली आणि नवरा त्याच घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत गेला. 2014 मध्ये त्याने घटस्फोटाचा अर्ज केला, पुढच्या वर्षी हिने हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला, आणि मॅजिस्ट्रेटने तिला घराबाहेर काढू नका असा अंतरिम हुकूम दिला.

खरी चाल यानंतरची. नवरा बाजूला राहिला आणि सासऱ्यांनी स्वतंत्र दिवाणी दावा लावला: घर माझं, सुनेने खाली करावं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे ही सुनेची कबुली होती, आणि सोबत हे आपलं सामायिक घर आहे हा बचावही होता. दिवाणी कोर्टाने बचाव बाजूला ठेवला, कबुली उचलली आणि एप्रिल 2019 मध्ये पुरावा न घेताच निकाल दिला. तो उच्च न्यायालयाने फिरवला. 15 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी उच्च न्यायालयाचा हुकूम कायम केला आणि तरुणा बत्राचा निकाल चुकीचा ठरवला. मालकी कबूल केली म्हणून राहण्याचा बचाव संपत नाही, आणि सासऱ्याचं घरही सामायिक घर असू शकतं, असं त्यांनी म्हटलं.

म्हणून आता अर्ज लिहिताना कलम 17 आणि 19 चा मजकूर मालकीच्या वाक्याला चिकटूनच टाकावा लागतो. घरात आपलेही पैसे गेलेत असं पुरावा नसताना लिहायचा मोह पक्षकाराला होतो. मी तो मोडून काढतो. मालकीवर भांडायला गेलं की आपणच हरायच्या मैदानात उतरतो. त्यापेक्षा रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसचं पुस्तक आणि शेजारी जास्त कामाला येतात. बाई तिथे पाहुणी म्हणून नव्हे, संसार करत राहत होती, एवढंच दाखवायचं असतं.

आणखी एक बारकावा बाररूममध्येच कळतो. कलम 31 ची शिक्षा आहे ती संरक्षण आदेश मोडल्याची. नुसता निवासाचा आदेश मागितला आणि नवऱ्याने कुलूप बदललं, तर फौजदारी कारवाई टिकेल का यावर वाद घालत बसावं लागतं. त्यामुळे कलम 18 आणि 19 चे दोन्ही आदेश एकत्र मागायचे, आणि घर विकू नये, बक्षीसपत्र करू नये असा मनाई हुकूमही त्यातच. तो आधी मिळवला नाही तर तारीख पडेपर्यंत घर तिसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं.

यात बाईला घर मिळत नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगावं. हा मालकीचा नव्हे, राहण्याचा हक्क आहे. योग्य कायदेशीर मार्गाने तिला बाहेर काढता येतं. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचा त्रास खरा असेल तर कोर्ट त्याच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं देण्याचा हुकूम करू शकतं, आणि ते पुष्कळदा दोघांच्याही सोयीचं असतं. रीतसर घटस्फोट झाल्यावर तर हा हक्क टिकवणं फार अवघड. आणि घर बायकोच्या नावावर असून बाहेर पडायची वेळ नवऱ्यावर आली, तर त्याला हा कायदा उपयोगाचा नाही. तो फक्त स्त्रियांसाठी आहे.

कागलच्या आसपासच्या खेड्यांत आणखी एक गंमत दिसते. राज्य सरकारने 2003 मध्ये 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगितलं होतं. अशी नोंद निघाली की नवऱ्याचे वकील उभे राहून म्हणतात, ही कर वसुलीची नोंद, यावरून मालकी ठरत नाही. ते बरोबरच असतं. फक्त घरफाळा एकट्या सासऱ्याच्या नावावर निघाला, की तोच कागद ते मालकीचा म्हणून पुढे करतात.