तळातले किडे आणि ओढ्याचे गुण

ओढ्याचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं, तर त्या घटकेचं पाणी कळतं. रात्री कोणी सांडपाणी सोडलं आणि ते पहाटेपर्यंत वाहून गेलं, तर सकाळची बाटली स्वच्छच निघेल. दगडाखाली महिनोन्‌महिने राहणाऱ्या अळ्यांनी मात्र ती रात्र सोसलेली असते. म्हणून ओढ्याच्या पाहणीत तळातले किडे मोजायचे.

ब्रिटनमध्ये 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात यासाठी बीएमडब्ल्यूपी ही गुणपद्धत तयार झाली. खळाळत्या उथळ पाण्यात जाळी उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा आणि तीन मिनिटांत जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. किड्यांच्या प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण ठरलेले आहेत. भरपूर प्राणवायू लागणाऱ्या स्टोनफ्लायला 10, तर जवळजवळ प्राणवायूविना तगणाऱ्या गाळातल्या बारीक गांडुळांना 1. कुळातला एक जीव सापडो की शंभर, गुण एकदाच.

समजा, गावाच्या वर आठ कुळं मिळाली: मेफ्लायची दोन आणि स्टोनफ्लायचं एक (प्रत्येकी 10), चतुराचं एक (8), जाळं विणणारी कॅडिसफ्लाय आणि खळाळातला भुंगेरा (प्रत्येकी 5), बेटिडी ही सोशीक मेफ्लाय (4) आणि कायरोनोमिड अळ्या (2). बेरीज 54, सरासरी 6.75. गावाच्या गटाराखाली बेटिडी (4), गोगलगाय (3), जळू (3), कायरोनोमिड (2) आणि गांडुळं (1) एवढीच उरली. बेरीज 13, सरासरी 2.6.

अहवालात बहुतेक जण बेरीजच ठळक लिहितात. मला ते घातक वाटतं, कारण बेरीज मेहनतीवर हलते. वरच्या ठिकाणी घाईत स्टोनफ्लाय आणि भुंगेरा निसटले, तर बेरीज 54वरून 39वर येते. सरासरी मात्र 6.5 राहते. म्हणून दोन्ही आकडे द्यावेत, पण निष्कर्ष सरासरीवर बेतावा.

तरीही सरासरी फसवू शकते. वरच्या जागी गोटे आणि खालच्या जागी नुसता गाळ असेल, तर खाली गटार नसतानाही गुण पडतात, कारण स्टोनफ्लायला गाळात आसराच नसतो. हे ओळखायला तळ, प्रवाह आणि खोली यांची नोंद गुणांच्या शेजारीच हवी, शक्य तर दोन्हीकडे सारखाच खळाळ निवडलेला हवा. नुकताच पूर येऊन गेला असेल, तर किडे वाहून गेलेले असतात. तेव्हाची पाहणी पुढे ढकलावी.

गुणांचा तक्ता सांडपाण्याने होणारी प्राणवायूची टंचाई डोळ्यांपुढे ठेवून बनला आहे. कीटकनाशकाने ओढा मेला, तरी गोगलगाय टिकून राहू शकते. शिवाय तो तक्ता ब्रिटिश ओढ्यांचा आहे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यावरून भारतीय नद्यांसाठी वेगळी पद्धत बसवली आहे. त्यामुळे कोणता तक्ता वापरला, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावं.