‘किंवा’ म्हटलं की एकच, की दोन्ही?

पाहुण्याला आपण दोन तऱ्हांनी विचारतो. “चहा घेणार की कॉफी?” आणि “चहा किंवा कॉफी काही घेणार का?” पहिल्या प्रश्नाला “हो” हे उत्तर होत नाही. दोनपैकी एकाचं नाव घ्यावंच लागतं, कारण ‘की’ हा शब्द निवड करायला लावतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र “हो, घेईन” असं उत्तर चालतं, आणि चहा कोणता, कॉफी कोणती हे नंतर ठरतं. मराठीने या दोन कामांसाठी दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. हिंदीत दोन्ही ठिकाणी ‘या’ येतो. हाटपिपल्या, बागली, देवास भागातल्या आपल्या घरांत दिवसभर दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे मुलांच्या तोंडी “चहा किंवा कॉफी?” असा प्रश्न येतो आणि आजीच्या कानाला तो जरा खटकतो. तिचं खटकणं बरोबर आहे.

पण ही सोय फक्त प्रश्नापुरती आहे. विधान करताना, म्हणजे नियम, ठराव, अर्जातली अट किंवा मृत्युपत्र लिहिताना, ‘की’ वापरता येत नाही. तिथे मराठीतही ‘किंवा’, ‘अथवा’, ‘वा’ एवढेच उरतात आणि त्या तिघांच्या अर्थात फरक नाही. मग ‘अ किंवा ब’ या विधानाचे दोन अर्थ संभवतात. एक: अ, ब किंवा दोन्ही. दोन: अ आणि ब यांपैकी एकच, दोन्ही नव्हे. पहिल्याला समावेशक अर्थ म्हणू, दुसऱ्याला वर्जक. तर्कशास्त्रात नुसतं ‘किंवा’ लिहिलं की समावेशक अर्थच धरतात, वर्जक हवा असेल तर तसं वेगळं सांगतात. रोजच्या बोलण्यात मात्र असा करार नसतो, आणि भांडणं तिथेच होतात.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदात आहे. 10 ऑगस्ट 1949 रोजी नागरिकत्वाचा हा मसुदा संविधान सभेपुढे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचा जन्म इथून जवळच, महूच्या लष्करी छावणीत झाला. अनुच्छेदाचा आशय असा: राज्यघटना लागू होताना ज्याचा अधिवास भारतात आहे आणि (क) जो भारताच्या राज्यक्षेत्रात जन्मला, किंवा (ख) ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी एक तिथे जन्मला, किंवा (ग) जो लगतची किमान 5 वर्षं भारतात राहत आला आहे, तो भारताचा नागरिक.

आता इथला ‘किंवा’ वर्जक धरून पाहू. हाटपिपल्यात जन्मलेली, इथेच वाढलेली, आईवडीलही इथलेच, आयुष्यात गाव न सोडलेली एक आजी डोळ्यांसमोर आणा. तिला क लागू होतो, ख लागू होतो, ग लागू होतो. ‘तिन्हींपैकी एकच’ असा अर्थ असता तर ती नागरिक ठरली नसती. उलट परदेशात जन्मलेला, परदेशी आईवडिलांचा, पण 5 वर्षं इथे राहून अधिवास केलेला माणूस मात्र ठरला असता. म्हणजे जिचं नातं सगळ्यात पक्कं, तीच बाहेर. कायद्याचा तो हेतू असूच शकत नाही, म्हणून इथला ‘किंवा’ समावेशकच. ही परीक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे: कोणत्याही नियमात ‘किंवा’ दिसला की ज्याला दोन्ही गोष्टी लागू होतात असा माणूस त्या नियमापुढे उभा करायचा. तो आत यावा की बाहेर राहावा, हे ठरलं की अर्थ ठरतो.

तीन पर्याय आले की वर्जक अर्थात आणखी एक गंमत होते. तर्कशास्त्रातला वर्जक ‘किंवा’ दोन-दोन जोडत नेला, म्हणजे आधी क आणि ख, मग त्याचा निकाल आणि ग, तर ‘तिन्हींपैकी एकच’ असा अर्थ निघतच नाही. विषम संख्येने अटी पुऱ्या झाल्या तर उत्तर ‘हो’ येतं. आपल्या आजीच्या तिन्ही पुऱ्या, म्हणून ती आत. तिचा भाऊ इथेच जन्मलेला, आईवडील तेच, घर इथेच, पण नोकरीमुळे बरीच वर्षं बाहेर काढलेला. त्याच्या दोन पुऱ्या, म्हणून तो बाहेर. तेव्हा तीन किंवा अधिक पर्यायांत एकच हवा असेल तर ‘यांपैकी एकच’ असं शब्दांत लिहिण्याला पर्याय नाही.

याच अनुच्छेदात दुसरा धोकाही होता, तो मांडणीने टाळला आहे. ‘अधिवास आहे आणि जन्म इथला किंवा आईवडिलांपैकी कोणाचा जन्म इथला’ असं एका ओळीत लिहिलं असतं, तर अधिवासाची अट दोन्हींना की फक्त पहिलीला, हे कळलं नसतं. वडील इथे जन्मले पण मुलगा कायमचा परदेशी स्थायिक, असा माणूस एका वाचनात नागरिक आणि दुसऱ्यात नाही. घटनेत अधिवासाची अट वर स्वतंत्र आहे आणि क, ख, ग खाली वेगळ्या ओळींत आहेत, म्हणून ती तिघांनाही लागते. ‘आणि’ व ‘किंवा’ एका वाक्यात आले की ओळ तोडावी, हे मला व्याकरणाच्या कुठल्याही नियमापेक्षा उपयोगी वाटतं.

कायदा लिहिणाऱ्यांना ही अडचण जुनीच ठाऊक आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीला 3 वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. ‘किंवा दोन्ही’ ही शेपटी तर्कशास्त्राच्या दृष्टीने अनावश्यक आहे, पण ती नसती तर प्रत्येक वकिलाने म्हटलं असतं की कारावास झाला, आता दंड कसला? उलट खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप लिहिताना ती शेपटी नव्हती, कारण तिथे दोन्ही एकाच वेळी होणं शक्यच नाही. आणि दोन्ही होणं शक्य असूनही नको असेल, तेव्हा घटना ‘किंवा’वर विसंबत नाही. अनुच्छेद 101 सरळ सांगतो की कोणालाही संसदेच्या दोन्ही सभागृहांचं सदस्य राहता येणार नाही.

आपल्या मीमांसकांनीही यावर बराच विचार केला होता. यज्ञातला पुरोडाश तांदळाचा करावा की जवाचा, अशी दोन वचनं आहेत. त्यांनी ठरवलं की हा विकल्प आहे: एक घ्यायचं, दोन्ही मिसळायचं नाही. पण विकल्प मानला की त्यात आठ दोष येतात असंही ते सांगतात, आणि म्हणून दुसरा मार्ग उरला नाही तरच तो मानावा, अशी त्यांची रीत होती.

आता युक्तिवादाकडे येऊ, कारण चुकीचं वाचन खरं नुकसान तिथे करतं. ‘अ किंवा ब’ खरं आहे आणि अ खोटं आहे, तर ब खरंच असलं पाहिजे. हा निष्कर्ष दोन्ही अर्थांत टिकतो. पण ‘अ किंवा ब’ खरं आहे आणि अ खरं आहे, म्हणून ब खोटं, हा निष्कर्ष फक्त वर्जक अर्थातच टिकतो. एखाद्याने अर्जाला वडिलांच्या भारतातल्या जन्माचा दाखला जोडला, म्हणजे त्याचा स्वतःचा जन्म बाहेरचा असणार, असं म्हणणारा हीच चूक करतो. त्या माणसाने हाताशी होता तो दाखला लावला, एवढंच त्यावरून कळतं.

‘नाही’ आलं की गुंता वाढतो. समजा, एका मंडळाच्या शिष्यवृत्तीची अट आहे: ‘अर्जदाराला शासकीय किंवा खाजगी संस्थेची शिष्यवृत्ती मिळत नसावी.’ एका मुलीला शासनाची थोडी रक्कम मिळते, खाजगी काही नाही. तिचे वडील म्हणतात, “किंवा लिहिलंय. खाजगी मिळत नाही ना, मग झालं.” समितीचं म्हणणं, एकही मिळत नसावी. चार प्रकारचे अर्जदार असू शकतात: काहीच न मिळणारा, फक्त शासकीय मिळणारा, फक्त खाजगी मिळणारा आणि दोन्ही मिळणारा. समितीच्या वाचनात फक्त पहिला पात्र. वडिलांच्या वाचनात पहिले तिघे पात्र. तिसराही अर्थ निघतो: ‘किंवा’ वर्जक धरून त्यापुढे नकार लावला तर पहिला आणि चौथा पात्र होतात! म्हणजे एक शिष्यवृत्ती मिळणाऱ्याला नकार आणि दोन मिळणाऱ्याला होकार. असं कोणालाच अभिप्रेत नसतं, म्हणून तो अर्थ बाद. समावेशक ‘किंवा’चा नकार म्हणजे ‘हेही नाही आणि तेही नाही’, आणि मराठीत अशा वाक्याचा स्वाभाविक अर्थही तोच, म्हणून समितीची बाजू मला अधिक बरोबर वाटते. पण त्या वडिलांना दोष देता येत नाही. ‘शासकीय असो वा खाजगी, कोणतीही शिष्यवृत्ती मिळत नसावी’ असं लिहिलं असतं तर त्यांनी अर्जच भरला नसता आणि मुलीची निराशा टळली असती. दोन्ही एकत्र मिळणंच रोखायचं असेल तर ‘दोन्ही शिष्यवृत्त्या एकाच वर्षी मिळत नसाव्यात’ असं लिहावं.

‘आणि/किंवा’ अशी तिरकी रेघ मारून सुटका करून घेण्याची सवय मला पसंत नाही. ‘अर्ज अध्यक्ष आणि/किंवा सचिव यांनी मंजूर करावा’ यातून एका सहीने काम होतं की दोन लागतात, हे कळत नाही. सचिव सुट्टीवर गेले की नेमका हाच प्रश्न येतो.

आपल्याकडची बहुतेक मंडळं मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेली असतात. सभेत चर्चा मराठीत होते आणि नियमावली हिंदीत लिहिली जाते. सभेत कोणी “आजीव सभासद की वार्षिक, एक काय ते ठरवा” असं म्हणालेलं असतं, आणि कागदावर ‘आजीवन या वार्षिक सदस्य’ उतरतं. ‘की’मधली निवडीची सक्ती ‘या’मध्ये येत नाही, म्हणून हिंदी मसुद्यात ‘दोनों में से केवल एक’ हे शब्द त्याच वेळी घालून घ्यावे लागतात. नंतर बदलायचं तर पुन्हा सभा, ठराव आणि निबंधकाच्या कार्यालयाची फेरी.