शेअर मिळाले नाहीत, मग पैसे का अडकले?

समजा, सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानदाराने आयपीओसाठी 14,800 रुपयांचा अर्ज यूपीआयवरून केला. शेअर लागले नाहीत, पण बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक दिसते आणि काढायला गेले की निघत नाही. पैसे कुठे गेलेले नसतात. ते त्याच्याच खात्यात असतात, त्यांवर व्याजही चालू असते. बँकेने फक्त त्यांवर 'लीन' लावलेला असतो.

अर्जांची मुदत मंगळवारी संपली, मध्ये सुट्टी नाही, तर बुधवारी वाटप ठरते आणि गुरुवारपर्यंत रक्कम मोकळी व्हायला हवी. शुक्रवारी शेअरची नोंदणी होते. डिसेंबर 2023 पासून हेच वेळापत्रक सक्तीचे आहे. रजिस्ट्रार यादी पाठवतो, ती प्रायोजक बँक आणि एनपीसीआयमार्फत आपल्या बँकेत येते. लीन मात्र आपली बँकच काढते. म्हणूनच यूपीआय ॲपमध्ये मँडेट रद्द दिसत असूनही खात्यातली रक्कम अडकलेली राहू शकते.

उशीर झाला तर सेबीच्या नियमाने बँकेने दिवसाला 100 रुपये किंवा वार्षिक 15 टक्के, यांत जास्त असेल ते द्यायचे. आपल्या दुकानदाराचे 15 टक्के दिवसाला जेमतेम सहा रुपये होतात, म्हणजे त्याला 100 रुपयांचा दर लागू होतो.

रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावरचा 'शेअर मिळाले नाहीत' हा निकाल आणि अर्ज क्रमांक घेऊन आधी बँकेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दाद लागली नाही, तर सेबीच्या 'स्कोअर्स'वर तक्रार नोंदवा.